ऑनलाइन चाचणीत दिलेले उत्तर नोंदले का गेले नाही, हे कसे तपासावे

चाचणीची वेळ संपली, निकाल लागला आणि एखाद्या प्रश्नापुढे आपण न निवडलेलेच उत्तर दिसले, किंवा सोडवलेला प्रश्न कोरा निघाला, की बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो ब्राउझरची साठवण पुसून पुन्हा लॉगिन करण्याचा. तो कृपा करून पाळू नका. जे उत्तर सर्व्हरपर्यंत पोहोचलेच नाही, ते साठवण पुसून परत येत नाही. उलट, पान अजून उघडे असेल तर पडद्यावर दिसणारा एकमेव पुरावाही त्यामुळे जातो. येथे मी मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीतील चाचणीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिच्यात प्रत्येक उत्तराच्या नोंदीचा माग काढता येतो.

पान उघडे असेल तर सर्वप्रथम त्याचा फोटो घ्या. मग विद्यार्थ्याला प्रश्न क्रमांक आणि निवडलेल्या पर्यायाचा मजकूर लिहून द्यायला सांगा. नुसते ‘मी तिसरा पर्याय निवडला’ हे पुरेसे नाही, कारण पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय चाचणीत असू शकते. त्यानंतर शिक्षकाने त्या विद्यार्थ्याचा प्रयत्न, म्हणजे त्याने सोडवलेली चाचणी, उघडून संबंधित प्रश्नाखालील Response history हा तक्ता पाहावा. त्यात प्रत्येक नोंदीची वेळ, केलेली कृती आणि त्यानंतरची स्थिती ओळीने दिलेली असते.

खरी अडचण हा तक्ता वाचताना येते. पूर्वी मी एका विद्यार्थ्याची तक्रार याच तक्त्याच्या आधारे फेटाळली होती. तक्त्यात Saved पुढे त्याने नाकारलेले उत्तर स्पष्ट दिसत होते आणि माझ्या दृष्टीने विषय तेथेच संपला होता. स्वयंजतन, म्हणजे उत्तरे आपोआप जतन होणे, नेमके केव्हा चालते आणि केव्हा थांबते, ते समजून घेतल्यावर तो खरे बोलत होता, हे माझ्या लक्षात आले. म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

पर्यायावर टिचकी मारली की गोल भरतो, पण तो आपल्या पडद्यावर भरतो. उत्तर सर्व्हरकडे तीन प्रसंगी जाते: पान बदलले की, चाचणी सादर केली की आणि मध्येच स्वयंजतन झाले की. स्वयंजतनाचा कालावधी मूळ मांडणीत 1 मिनिट असतो; व्यवस्थापकाला तो बदलता येतो. पानावर पहिला बदल झाला की घड्याळ सुरू होते आणि मिनिटाने त्या क्षणी पानावर जे असेल ते पाठवले जाते. वेळेचे बंधन असलेल्या चाचणीत मात्र उरलेला वेळ या कालावधीच्या दुपटीहून कमी झाला की स्वयंजतन बंद होते. म्हणजे मूळ मांडणीत शेवटची 2 मिनिटे स्वयंजतनाचा आधार नसतो. एरवी इंटरनेटचे जाळे तुटल्यामुळे स्वयंजतन फसले, तर पडद्यावर तसा इशारा येतो. या दोन मिनिटांत जतनाचा प्रयत्नच होत नसल्याने तो इशाराही येत नाही, आणि विद्यार्थी निर्धास्तपणे सोडवत राहतो.

एक प्रसंग घड्याळ लावून पाहू. चाचणी 30 मिनिटांची आहे, 10:00 वाजता सुरू झाली आहे आणि शेवटच्या पानावर प्रश्न 18, 19 आणि 20 आहेत. विद्यार्थ्याने 10:26:40 ला प्रश्न 18 साठी ‘ब’ निवडले. 10:27:40 ला ते आपोआप जतन झाले. 10:28:30 ला चूक लक्षात येऊन त्याने ‘क’ केले. पुढचे जतन 10:29:30 ला व्हायला हवे होते, पण तोवर वेळ 2 मिनिटांच्या आत आलेली असल्याने ते झालेच नाही. दरम्यान त्याने 19 आणि 20 हे प्रश्नही सोडवले. 10:29:40 ला वायफाय तुटले. 10:30 ला घड्याळ शून्यावर आल्यावर ब्राउझरने पान सादर करण्याचा प्रयत्न केला, पण ते पोहोचले नाही. काही वेळाने सर्व्हरच्या नियोजित कामाने मुदत संपलेला प्रयत्न आपण होऊन बंद केला आणि हाती असलेले शेवटचे उत्तर गृहीत धरले. निकालात 18 समोर ‘ब’ आणि 19, 20 कोरे. चुकीचे उत्तर आणि कोरे उत्तर या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते.

हे ओळखण्याची खूण तक्त्यात असते. प्रश्न 18 च्या शेवटच्या Saved ओळीची वेळ मुदतीच्या दोन मिनिटांहून जास्त आधीची असेल आणि Attempt finished ही ओळ मुदतीनंतर काही मिनिटांची असेल, तर शेवटचे पान विद्यार्थ्याच्या ब्राउझरकडून आलेले नाही, ते सर्व्हरने बंद केले आहे. येथे प्रयत्नाच्या माथ्यावरील पूर्णतेच्या वेळेवर विसंबू नका. ती मुदतीचीच दिसू शकते. प्रश्नाच्या तक्त्यातील वेळ पाहा. याउलट Attempt finished ची वेळ मुदतीच्या क्षणाला अगदी लागून असेल, तर पान ब्राउझरनेच पाठवले असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग उत्तर बदलल्याच्या दाव्याचे दुसरे कारण शोधावे लागते.

अशी दोन कारणे मला वारंवार भेटली आहेत. जोड्या लावण्याच्या प्रश्नात यादीतून पर्याय निवडल्यावर माऊसचे चाक फिरवले, तर काही ब्राउझरमध्ये पान सरकण्याऐवजी यादीतील निवडच बदलते. आणि तीच चाचणी दोन टॅबमध्ये उघडी असेल, तर जुन्या टॅबमधून पाठवलेले पान क्रमाबाहेरचे ठरून नाकारले जाऊ शकते.

संपूर्ण प्रयत्नच गणला गेला नसेल, तर चाचणीच्या मांडणीतील When time expires हा पर्याय पाहा. मुदतीपूर्वी सादर न केलेला प्रयत्न धरायचाच नाही, असेही तेथे ठरवता येते.

विद्यार्थ्यांसाठी माझा आग्रह एकच आहे. साधारण 3 मिनिटे उरली की Finish attempt दाबावे. नाव घाबरवणारे असले तरी त्याने चाचणी संपत नाही. चालू पान जतन होते आणि सारांश दिसतो. सारांशात प्रत्येक प्रश्नापुढे Answer saved आहे का ते पाहावे, Not yet answered दिसल्यास Return to attempt ने परत जावे, आणि त्यानंतर उत्तरात बदल केला की लगेच पुन्हा सारांशावर यावे. शेवटी घड्याळ शून्यावर येण्याची वाट न पाहता Submit all and finish स्वतः दाबावे.

शिक्षकाला तक्त्यात वरची खूण सापडली, तर विद्यार्थ्याने घेतलेला फोटो, जाळे तुटल्याची वेळ आणि Saved ओळीची वेळ एकत्र ठेवून निर्णय घ्यावा. न पोहोचलेले उत्तर सर्व्हरवर कोठेही लपलेले नसते, त्यामुळे व्यवस्थापकाकडे ते शोधून मागण्यात अर्थ नाही. त्या विद्यार्थ्याला अपवाद म्हणून आणखी एक प्रयत्न द्यावा, किंवा फोटो विश्वासार्ह वाटल्यास त्या प्रश्नांचे गुण हाताने द्यावेत आणि कारण शेऱ्यात लिहावे. स्वतः व्यवस्थापक असाल, तर पुढच्या चाचणीपूर्वी स्वयंजतनाचा कालावधी 1 मिनिटावरून 30 सेकंदांवर आणता येईल का ते पाहा. त्याने असुरक्षित काळ 2 मिनिटांवरून 1 मिनिटावर येतो, मात्र सर्व्हरवरचा भार वाढतो, म्हणून मोठ्या वर्गासाठी हा बदल आधी सराव चाचणीत करून पाहा.