कन्सल्टंटला पहिला निरोप: कोणतं काम, कुठे आणि कधीपासून

स्टाफिंग एजन्सीतले कन्सल्टंट सकाळी कामाला बसतात तेव्हा त्यांच्यासमोर रिकाम्या जागांची यादी असते. एका ओळीत एक जागा: काम काय, कुठे, कधीपासून, किती महिन्यांसाठी. ही यादी कंपन्यांकडून आलेली असते आणि जागा भरली की एजन्सीला पैसेही कंपनीच देते. त्यामुळे तुमचा निरोप वाचताना त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हे नाव यादीतल्या कोणत्या ओळीसमोर लिहू? मी बरीच वर्षं त्या खुर्चीत बसून असे निरोप वाचले आहेत. चांगल्या, अनुभवी माणसांचे निरोपही बाजूला पडायचे, कारण त्यांत या प्रश्नाचं उत्तर सापडायचं नाही.

एक निरोप मला अजून आठवतो, कारण त्याच्यासारखे रोज यायचे:

"नमस्कार मॅडम, मला नोकरीची अत्यंत गरज आहे. कुठलंही काम चालेल, कुठेही यायची तयारी आहे, लगेच जॉइन होईन. सीव्ही सोबत जोडला आहे. कृपया विचार व्हावा."

त्या दिवशी माझ्याकडे अकाउंट्समधली एक तातडीची जागा होती. बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या बाईंच्या जागी तीन महिन्यांसाठी माणूस हवा होता, पुढच्या सोमवारपासून. "लगेच" हा शब्द वाचून मी फोन केला. बोलता बोलता कळलं की तिने अजून राजीनामाच दिलेला नाही आणि नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. "कुठेही" म्हणजे घरापासून तासाभराच्या आत. तीन महिन्यांचं काम तर तिला नकोच होतं, तिला पर्मनंट हवं होतं. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. पण खरं वाईट पुढे वाटलं. दोन आठवड्यांनी माझ्या सहकाऱ्याकडे अकाउंट्स पेएबलची पर्मनंट जागा आली, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासून पेमेंटला पाठवण्याचं काम. ती सहा वर्षं नेमकं हेच करत होती. तरीही त्याने शोध घेतला तेव्हा तिचं नाव वर आलं नाही, कारण सीव्हीवर हुद्दा होता "ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह" आणि "अकाउंट्स पेएबल" हे शब्द कुठेच नव्हते.

तिचाच निरोप आपण नव्याने लिहू.

आधी कामाचं नाव ठरवा

कंपनीने तुम्हाला दिलेला हुद्दा आणि बाजारात त्या कामाला असलेलं नाव यांत बरेचदा फरक असतो. कन्सल्टंट शोध घेतात तो बाजारातल्या नावाने. तुम्हाला हव्या तशा आठ-दहा जागांच्या जाहिराती वाचा आणि त्यांत सारखं येणारं नाव निवडा. अधिकृत हुद्दा लपवायचा नाही, तो पुढे लिहायचाच. पुढे कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा तो जुळावा लागतो.

नावाखाली एक वाक्य रोजच्या कामाचं लिहा, शक्यतो आकड्यासह. "अकाउंट्स सांभाळते" यातून काही कळत नाही. "महिन्याला साधारण 400 बिलं पर्चेस ऑर्डर आणि माल मिळाल्याच्या पावतीशी जुळवून पेमेंटला पाठवते" हे वाचलं की या क्षेत्रातल्या माणसाला कामाचा आवाका लगेच कळतो.

मग पसंती. एक पहिली, एक दुसरी आणि एक "हे नको". नको असलेलं काम सांगायला लोक बिचकतात, संधी जाईल असं त्यांना वाटतं. मला विचाराल तर ती ओळ सगळ्यात उपयोगाची. वसुलीचे फोन करायचे नाहीत असं तिने लिहिलं असतं, तर तशा जागांसाठी तिला कोणी फोन केला नसता आणि दोन-तीन नकारांनंतर "ही प्रत्येक वेळी नाही म्हणते" असा शेरा तिच्या नावापुढे लागायची वेळ आली नसती.

ठिकाण मिनिटांत सांगा

पूर्ण पत्ता पहिल्या निरोपात द्यायची गरज नाही. राहता तो भाग सांगा आणि एका बाजूचा प्रवास किती मिनिटांपर्यंत झेपेल, कशाने, ते सांगा. अंतर किलोमीटरमध्ये सांगून फारसा अंदाज येत नाही. तेच बारा किलोमीटर स्वतःच्या गाडीने पाऊण तासाचे असतात आणि दोन बस बदलून दीड तासाचे. कामाच्या वेळेत एकदा तो प्रवास खरोखर करून बघा, मगच आकडा लिहा. जॉइन होऊन दुसऱ्या आठवड्यात "प्रवास जमत नाही" म्हणून सोडणारे मी खूप पाहिलेत. अशा वेळी एजन्सीला बहुतेकदा त्याच जागेसाठी पुन्हा माणूस शोधून द्यावा लागतो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव सुचवताना कन्सल्टंटचा हात थांबतो.

घरून काम किंवा हायब्रिड हवं असेल तर दिवस सांगा: आठवड्यातून किती दिवस ऑफिसला याल. शहर बदलायची तयारी आहे की नाही, हे एका शब्दात लिहा. "बघू" असं असेल तर "नाही" लिहा. विचार बदलला तर नंतर कळवता येतं.

तारीख काढा, "लगेच" लिहू नका

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. "लगेच" हा शब्द कन्सल्टंट "उद्या किंवा परवा" असा वाचतात, कारण त्यांच्याकडच्या तातडीच्या जागा खरंच तेवढ्या तातडीच्या असतात. तुम्ही सध्या नोकरीत असाल तर तुम्ही "लगेच" नाही.

हिशोब असा करायचा. समजा, आज 4 जून आहे. मुलाखती आणि लेखी ऑफर यांत दोन आठवडे गेले, तर 18 जूनला राजीनामा. नोटीस 30 दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस 18 जुलै. म्हणून जॉइनिंगची तारीख साधारण 20 जुलै. नोटीस पिरियड राजीनामा दिल्यापासून मोजतात, ऑफर आल्यापासून नाही, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते. आणखी एक: तुमच्या नेमणूकपत्रात नोटीस सलग दिवसांची आहे की कामाच्या दिवसांची, हे उघडून बघा. 30 कामाचे दिवस म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात सहा आठवडे होतात आणि सगळी तारीखच सरकते.

उरलेल्या रजा वापरून लवकर सुटता येईल असं वाटत असेल, तरी आपल्या कंपनीने लेखी मान्य करेपर्यंत ते दिवस हिशोबात धरू नका. उशिराची तारीख सांगून लवकर आलात तर सगळे खूश. उलट झालं तर ऑफर मागे घेतली जाऊ शकते.

तारखेसोबत कामाचा प्रकारही सांगा, कारण दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. तात्पुरत्या जागा बहुतेक काही दिवसांत भरायच्या असतात. 30 दिवसांची नोटीस असलेल्या माणसाला त्या सहसा मिळत नाहीत. पर्मनंट जागेसाठी कंपनी महिनाभर थांबते. कॉन्ट्रॅक्ट चालणार असेल तर किमान किती महिन्यांचा ते लिहा. त्यात पेरोल कोणाचा असेल, एजन्सीचा की कंपनीचा, हे फोनवर विचारून घ्या, कारण पगार, रजा आणि अनुभवाचं पत्र त्यावरून ठरतं. आधीच ठरलेली सुट्टी असेल तर आत्ताच सांगा. तीन महिन्यांच्या कामात मधले पाच दिवस नाहीत, हे कंपनीला नंतर कळलेलं चालत नाही.

आता निरोप

विषय: अकाउंट्स पेएबल, 6 वर्षं अनुभव, 30 दिवस नोटीस

"नमस्कार,

अकाउंट्स पेएबलमध्ये मला 6 वर्षांचा अनुभव आहे. सध्या महिन्याला साधारण 400 बिलं पर्चेस ऑर्डर आणि माल मिळाल्याच्या पावतीशी जुळवून पेमेंटला पाठवते. महिनाअखेरचा ताळमेळही माझ्याकडे असतो. सध्याचा हुद्दा ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह.

काम: पहिली पसंती अकाउंट्स पेएबल, जनरल अकाउंट्सही चालेल. वसुलीचं काम नको.
प्रकार: पर्मनंट, किंवा किमान 6 महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट.
ठिकाण: घरापासून बसने 60 मिनिटांपर्यंत. आठवड्यातून तीन किंवा कमी दिवस ऑफिस असेल तर 90 मिनिटं चालतील. शहर बदलणार नाही.
कधीपासून: राजीनामा दिलेला नाही, दिल्यापासून 30 दिवस. आता प्रक्रिया सुरू झाली तर साधारण 20 जुलै. 10 ते 14 ऑगस्ट सुट्टी ठरलेली आहे.
फोन: संध्याकाळी साडेपाचनंतर. प्रत्यक्ष मुलाखतीसाठी दोन दिवस आधी कळवावं.

माझा सीव्ही कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी कृपया मला विचारावं."

राहता तो भाग "ठिकाण"च्या ओळीत सुरुवातीलाच घाला. सीव्हीच्या फाइलला आपलं नाव आणि कामाचं नाव द्या. मेलमधला हा सगळा मजकूर मोबाइलच्या पडद्यावर एकदा वाचून बघा. दोनदा बोट सरकवून संपला पाहिजे.

शेवटची ओळ अनेकांना आगाऊपणाची वाटते. ती काढू नका. एकाच कंपनीकडे तुमचा सीव्ही दोन एजन्सींकडून पोहोचला, तर उमेदवार कोणाचा यावर वाद होतो, आणि त्या वादात न पडता कंपनी बरेचदा दोन्ही सीव्ही बाजूला ठेवते. तुमची काही चूक नसताना जागा जाते. म्हणून एका वहीत तारीख, कंपनी आणि एजन्सी अशी नोंद ठेवा. जिथे तुम्ही स्वतः अर्ज केला आहे त्या कंपन्याही त्यात लिहा, आणि फोन आला की वही समोर घ्या.

फोन आल्यावर

पहिला फोन बहुधा थोडक्यातच आटोपतो. निरोपात लिहिलेलंच पुन्हा विचारतील, कारण त्यांना तुमच्या तोंडून तारीख तीच येते का हे बघायचं असतं. नोकरी का सोडताय, याला एक खरं वाक्य पुरे. पगाराचा विषय निघाला तर ज्याखाली तुम्ही खरोखर नाही म्हणाल तो आकडा आधीच ठरवलेला असू द्या. दुसऱ्या एजन्सीकडे नाव दिलं आहे का, असं विचारलं तर हो म्हणा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुम्हीही विचारा: ही जागा आत्ता खरोखर उघडी आहे की नाव यादीत घालून ठेवताय? दोन्ही ठीक, पण पहिल्या बाबतीत चार-पाच दिवसांत पुढची हालचाल दिसायला हवी.

नोंदणी फी, बँकेचे तपशील किंवा मूळ प्रमाणपत्रं या टप्प्यावर कोणी मागितली तर तिथेच थांबा. एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं मूळ तत्त्व आहे.

निरोप शिळा होऊ देऊ नका

20 जुलै ही तारीख 4 जूनला खरी होती. महिन्याभरात राजीनामा दिला नाही तर ती चुकीची झाली, आणि कन्सल्टंटच्या नोंदीत मात्र तशीच राहिली. दर तीन-चार आठवड्यांनी त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी पाठवा: "अजून शोधात आहे. राजीनामा दिलेला नाही, आता साधारण 20 ऑगस्टपासून येऊ शकेन. बाकी सगळं तसंच." आणि दुसरीकडे नोकरी लागली तर त्याच दिवशी तेही कळवा.