सहा डिसेंबरची फिरती शौचालयं : मोजून पुरेशी लावली तरी सकाळी सातला बंद का पडतात? या चुका टाळा

चैत्यभूमीला ६ डिसेंबरला येणारा माणूस फक्त त्या एका दिवसाचा नसतो. विदर्भ-मराठवाड्यातून स्पेशल ट्रेननं येणारी कुटुंबं दोन-तीन दिवस आधीपासून शिवाजी पार्कवर मुक्कामाला असतात, लहान मुलं, म्हाताऱ्या आया, सगळी. त्यामुळे इथली सोय म्हणजे चार तासांच्या सभेची सोय नाही, मैदानावर तात्पुरतं गाव वसवायचं असतं आणि त्या गावाला रोज पहाटे एकाच वेळी शौचाला जायचं असतं. दादर, माहीमची जत्रा, माउंट मेरीची जत्रा, कुठंही वॉर्डबरोबर काम करणाऱ्या मंडळांना आणि समित्यांना उपयोगी पडेल म्हणून हा एकच विषय धरून लिहितोय, कारण गर्दीचं बाकी नियोजन बरं झालं तरी इथं हमखास घोटाळा होतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक : सीट मोजायच्या, टाकी मोजायची नाही

मीटिंगमध्ये प्रश्न येतो, किती सीट लावल्या? कुणी विचारत नाही की त्या भरल्यावर रिकाम्या कोण करणार, किती वाजता आणि गाडी आत शिरणार कुठून. आपण सरळ हिशोब करून बघू, आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा मैदानावर रात्रीचा मुक्काम २०,००० माणसांचा. पहाटे साडेचार ते आठ या साडेतीन तासांत त्यातली १२,००० शौचाला जाणार. एका माणसाला आत-बाहेर धरून तीन मिनिटं लागली तर एका सीटवर तासाला २० माणसं, म्हणजे साडेतीन तासांत ७०. १२,००० भागिले ७०, साधारण १७० सीट, दहा सीटच्या १७ व्हॅन. इथपर्यंत सगळे येतात, ऑर्डर निघते, व्हॅन लागतात, फोटो येतात.

आता पुढचं. मैला आणि मगानं टाकलेलं पाणी मिळून एका वापराला चार लिटर धरा. एका व्हॅनमध्ये तासाला २०० माणसं म्हणजे तासाला ८०० लिटर. व्हॅनखालची टाकी २,००० लिटरची असेल तर ती अडीच तासांत भरली. साडेचारला सुरू झाली तर बरोबर सात वाजता, म्हणजे रांग सगळ्यात लांब असते तेव्हाच, आणि सगळ्या व्हॅन एकदमच भरतात कारण सगळ्या एकदमच वापरात आल्यात. हा अडीच तासांचा हिशोबसुद्धा टाकी साडेचारला पूर्ण रिकामी होती असं धरून केलाय. आदल्या रात्रीचं अर्धं तसंच राहिलं असेल तर पावणेसहालाच दारं बंद.

आणि पाण्याचं विसरू नका. त्या चार लिटरातलं तीन लिटर पाणी आपल्यालाच पुरवायचंय, १२,००० माणसांना ३६,००० लिटर. मुंबईत नळाचं पाणी ठराविक वेळेलाच येतं, ती वेळ पहाटेची नसेल तर टाक्या रात्रीच भरून ठेवायला लागतात, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चार टँकर तरी चारच्या आत. पाणी संपलं की व्हॅनखालची टाकी रिकामी असूनही सीट तुंबते, आणि तुंबलेली सीट त्या सकाळी परत चालू होत नाही हे धरूनच चाला.

मग सक्शन गाडी कितीशी पुरणार

त्या सकाळी उपसायचं एकूण ४८,००० लिटर. ४,००० लिटरची सक्शन गाडी धरली तर बारा खेपा. एक खेप म्हणजे पाइप जोडा, ओढा, पंपिंग स्टेशनला जा, रिकामी करा, परत या, रस्ता मोकळा असला तरी तास-सव्वा तास सहज जातो. तीन गाड्या असल्या तरी सहा ते नऊमध्ये प्रत्येकी दोन खेपा झाल्या तर नशीब. सहा खेपा, म्हणजे निम्मंच काम.

यावर गाड्या वाढवत बसण्यापेक्षा व्हॅनची जागा बदलणं जास्त कामाचं. दादरसारख्या भागात मलवाहिनी रस्त्याखालीच आहे, तेव्हा जितक्या व्हॅन मलवाहिनीच्या मॅनहोलपासून दहा-पंधरा मीटरच्या आत उताराला लावता येतील तितक्या लावा आणि पाइपनं थेट जोडा, त्यांचा उपसायचा प्रश्नच संपतो. मैदानाच्या कडेला रस्त्यालगत बऱ्याच व्हॅन अशा बसतात. सतरातल्या दहा अशा लागल्या तर उरतात सात, सातांचं साधारण १९,६०० लिटर म्हणजे पाच खेपा, आणि त्या तीन गाड्यांना झेपतात. त्यांचंही टाकी भरायची वाट बघू नका, रात्री तीन वाजता सगळ्या रिकाम्या करून घ्या, मग पावणेसहाला त्यातल्या चार आणि साडेसहाला तीन, अशी पाळी आधीच कागदावर ठरवा.

पण जोडताना एक चूक फार होते आणि ती चीड आणणारी आहे. पावसाळी गटाराचं चेंबर आणि मलवाहिनीचं मॅनहोल वरून सारखंच दिसतं, कंत्राटदाराचा माणूस जवळ दिसेल त्यात पाइप सोडतो. पावसाळी लाइन शुद्धीकरणाला जात नाही, ती समुद्रात सुटते. म्हणजे ज्या दादर चौपाटीवर लोक उभे आहेत तिथंच हे येणार. म्हणून अंदाजावर सोडू नका, मलनिःसारण खात्याच्या इंजिनिअरला दोन दिवस आधी जागेवर बोलवा आणि कुठलं झाकण आपलं त्यावर पेंटनं खूण करून घ्या. पर्जन्य जलवाहिन्यांचं खातं वेगळं आहे, फोन लावताना तिथंच गोंधळ होतो. झाकण उघडलं की लगेच बॅरिकेड आणि एक माणूस कायम उभा. पाइप अडकला तरी कुणालाही आत उतरवायचं नाही, आतला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो आणि २०१३ च्या कायद्यानं असं उतरवणं गुन्हा आहे. मशीन मागवा, तोवर ती व्हॅन बंद ठेवा.

पास गाडीच्या नंबरवर काढायचा नाही

त्या दिवशी सावरकर मार्ग सिद्धिविनायकापासून हिंदुजा हॉस्पिटलच्या बाजूपर्यंत वाहनांना बंद असतो, आजूबाजूचे रस्ते पण. सक्शन गाडीला ट्रॅफिक पोलिसांचा पास लागतो, तो गाडीच्या नंबरवर निघतो, आणि पहाटे कंत्राटदाराची तीच गाडी पंक्चर होऊन दुसरी येते. नाक्यावरचा हवालदार ती आत सोडत नाही, आणि त्याचं चुकत नाही, त्याच्या हातातल्या कागदावर तो नंबरच नसतो. ड्रायव्हर मुकादमाला फोन लावतो, मुकादम वॉर्डला, वॉर्ड कंट्रोल रूमला, तोवर पाऊण तास गेला.

याला उपाय असा की पास कामाच्या नावानं घ्यायचे, 'सक्शन १, सक्शन २', पोलिसांच्या शिक्क्याचे, आणि ते वॉर्डच्या एका अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवायचे, गाडी बदलली तर तो जागेवर नंबर लिहून देईल. दुसरं, गाड्या रात्रीच बंदोबस्ताच्या आत आणून उभ्या करायच्या आणि जायची-यायची वाट एकच ठरवायची, त्या वाटेवरच्या प्रत्येक पॉइंटच्या पोलिसाला ती सांगितलेली पाहिजे. हवालदारांची ड्यूटी बदलते तेव्हा नवीन माणसाला परत सांगायला लागतं, हे काम कुणाचं ते मीटिंगमध्येच नाव घेऊन ठरवा. नाहीतर प्रत्येक खातं म्हणतं आमचं झालंय, आणि खरंच त्यांचं त्यांचं झालेलं असतं, फक्त मधलं कुणाचंच नसतं.

असंच मधलं एक ठिकाण म्हणजे दादर स्टेशन ते मैदान. रात्रभर प्रवास करून पहाटे उतरलेल्या माणसाला शौचालय मैदानावर पोचल्यावर नको असतं, उतरल्या उतरल्या हवं असतं. स्टेशनातलं रेल्वेचं, मैदानातलं वॉर्डचं, आणि मधल्या वाटेवर काहीच नाही, मग भिंतीचे आडोसे शोधले जातात. स्पेशल गाड्यांच्या वेळा आधी जाहीर होतात पण त्या उशिरा येतात आणि दोन-तीन एकामागोमाग येतात, म्हणून रेल्वेच्या कंट्रोलचा एक माणूस आपल्या ग्रुपवर हवा जो "अमुक गाडी कल्याण सोडली" एवढंच टाकेल. तेवढ्यावर वाटेतल्या व्हॅनचं पाणी आणि सफाई कामगार तयार ठेवता येतात.

बायका पाणी पीत नाहीत, त्याचा गर्दीशी संबंध आहे

अभिवादनाची रांग तासन्‌तास चालते. रांग सोडली की जागा गेली, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारच्या उन्हात त्यातली एखादी चक्कर येऊन पडते, भोवतीची माणसं थांबतात, मागून रेटा येतो, स्ट्रेचरला वाट नसते. गर्दीतली ढकलाढकल बऱ्याचदा अशी सुरू होते आणि आपण तिला बंदोबस्ताचा प्रश्न समजतो.

म्हणून थोड्या व्हॅन रांगेच्या अगदी लगत, बॅरिकेडच्या बाहेरच्या अंगाला हव्यात, आणि तिथं एक फट ठेवून महिला स्वयंसेविका बसवायची, बाहेर पडणाऱ्याला त्या तासाच्या रंगाची चिठ्ठी द्यायची आणि त्याच फटीतून परत आत घ्यायचं. शौचालयाची रांग मात्र मुख्य रांगेला छेदून जाता कामा नये, दोन्ही समांतर राहिल्या पाहिजेत. बायकांना वेळ जास्त लागतो, मूल बरोबर असतं, साडी असते, म्हणून निम्मी-निम्मी वाटणी ही समान वाटणी नाही, आपत्तीतल्या मदतकार्याचे स्फिअर निकष तर पुरुषांच्या एका सीटमागे बायकांच्या तीन सांगतात. पुरुषांना मुताऱ्या वेगळ्या दिल्या की तेवढं सहज निघतं. आणि दारं उजेडाकडे तोंड करून, आतून कडी लागते की नाही प्रत्येक दाराला हात लावून बघा, पॅडसाठी झाकणाचा डबा आत ठेवा. कडी नसलेली सीट रात्री बायकांसाठी नाहीच असं समजा.

बंद पडलंय हे कळतच नाही

टाकी भरली की सफाई कामगार दार बाहेरून लावतो, दुसरं तो करणार तरी काय. पण कंट्रोल रूमच्या यादीत ती सीट चालूच असते. दर तासाला एका माणसानं फेरी मारून प्रत्येक व्हॅनपुढं चालू किती, बंद किती आणि कशामुळे, टाकी, पाणी, दिवा की कडी, एवढं लिहून फोटो टाकायचा. बंद पडायच्या आधी खुणा दिसतात. पाणी टाकल्यावर हळूहळू उतरायला लागतं, चाकांजवळची जमीन ओली दिसते, बाटल्या घेतलेली माणसं चौपाटीकडे वळायला लागतात. या तिसऱ्या खुणेला तर ताबडतोब गाडी पाठवा, मागची सगळी रांग तिकडेच जाते.

पावसाचंही धरा, डिसेंबर असला तरी. २०१७ ला ओखी वादळामुळं ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला आणि मैदानावरच्या लोकांना आसपासच्या महापालिकेच्या शाळांमध्ये हलवायला लागलं. शाळेत छप्पर मिळतं पण शौचालयं तिथल्या मुलांपुरतीच असतात, आणि ओल्या मातीत व्हॅनची चाकं रुतली तर ती मैदानातून निघत नाही. तेव्हा सतरातल्या निदान चार व्हॅन पहिल्यापासून पक्क्या रस्त्यावर ठेवा, आणि कुठली व्हॅन कुठल्या शाळेच्या गेटवर जाणार, तिथलं मलवाहिनीचं झाकण कुठं आहे आणि रात्री गेटची चावी कुणाकडे असते हे ३ तारखेच्या आत लिहून पास ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या.