टेम्प्लेटला कुलूप लावा, पण अर्ध्यालाच

पेमेंट ॲपच्या सोशल मीडिया सपोर्टला नव्याने लागलात की तुमच्या हातात एक एक्सेल शीट येईल आणि सांगितलं जाईल, ‘हे अप्रूव्ह्ड रिप्लाय, यातलेच टाकायचे.’ काही दिवसांनी तुम्हालाच त्यात भर घालायला सांगतील. आपण बरेच जण अडकतो ते तिथेच.

होतं असं, की ‘नमस्कार’पासून ‘धन्यवाद’पर्यंत अख्खा रिप्लाय लिहून आपण कम्प्लायन्सकडे, म्हणजे मजकूर नियमात बसतो का ते बघणाऱ्या विभागाकडे पाठवतो. तो सहीसकट परत आला की त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही. मग कुणाचं हॉस्पिटलचं बिल अडकलेलं असो नाहीतर कुणाचा वीस रुपयांचा रिचार्ज, दोघांनाही ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. तुमच्या हँडलवरचे सगळे रिप्लाय कोणीही एकाखाली एक वाचू शकतो. वैतागलेला ग्राहक ते वाचतो आणि त्याचाच स्क्रीनशॉट टाकतो.

यात कम्प्लायन्सला शिव्या घालून उपयोग नाही. त्यांना मुदत, रक्कम, वचन, चुकीची कबुली आणि ग्राहकाकडून मागितलेली माहिती, एवढ्याचीच धास्ती असते. तेव्हा मंजुरीलाही तेवढंच पाठवा. टेम्प्लेटचा खालचा भाग कुलूपबंद ठेवा आणि वरचं एक वाक्य रिप्लाय देणाऱ्याला मोकळं सोडा. त्या वाक्याला नियम दोनच: ग्राहकाच्या पोस्टमधली एक तरी गोष्ट त्यात आली पाहिजे, आणि वचन एकही नको. ही वाटणी लेखी मंजूर करून घ्या, तोंडी नको.

समजा, एकीने लिहिलंय: ‘भाजीवाल्याला ३४० रुपये यूपीआय केले, खात्यातून गेले, पण त्याचा साउंडबॉक्स बोललाच नाही. शेवटी रोख दिले. हे काय चाललंय?’

इथे हात लगेच ‘पैसे कापले’ या टेम्प्लेटकडे जातो. थांबा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार, पैसे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवले आणि ते पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला पुष्टी मिळाली नसेल तर मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि हे दिवस कॅलेंडरचे आहेत. सवयीने ‘कामकाजाचे ५ दिवस’ लिहिलंत, तर मध्ये रविवार आला की नियमापेक्षा जास्त मुदत तुम्ही चारचौघांत मागून बसलात. म्हणून ‘पैसे कापले’ नावाचं एकच टेम्प्लेट ठेवू नका. ‘व्यक्तीला पाठवले’ आणि ‘दुकानात दिले’ अशी दोन वेगळी करा.

शिवाय साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे व्यवहार फसलाच, असंही नाही. कधी त्याचं नेटवर्क गेलेलं असतं आणि पैसे दुकानदाराकडे पोचलेले असतात. म्हणून आधी स्टेटस विचारायचं. रिप्लाय असा होतो:

‘रोखही दिले आणि खात्यातूनही गेले, म्हणजे दोनदा भुर्दंड. ॲपमध्ये या व्यवहारापुढे काय दिसतंय ते बघाल का? फेल्ड किंवा पेंडिंग असेल तर व्यवहारानंतर ५ दिवसांत निकाल लागतो किंवा पैसे परत येतात. सक्सेसफुल असेल तर आम्हाला डीएम करा. व्यवहार क्रमांक इथे लिहू नका.’

पहिलं वाक्य मोकळं, बाकी सगळं कुलूपबंद. एक्सवर २८० अक्षरांत बसवताना लक्षात ठेवा, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘कि’ म्हणजे दोन. मराठी मजकूर डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो.

शेवटची ओळ जागेअभावी कधीही कापू नका. तक्रारीखाली खोट्या ‘कस्टमर केअर’ची हँडलं टपलेलीच असतात. ग्राहकाने नंबर उघड्यावर टाकला की तुमच्याआधी त्यांचा मेसेज जातो.

इंग्रजी टेम्प्लेट एजन्सीकडून मराठीत करून घेण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं चिडलेल्या माणसाला कोण म्हणतं? ‘मोठ्या ब्रँडचे रिप्लाय बघून शिका’ सांगणारे सिनियरही भेटतील. ऐकून घ्या आणि त्याऐवजी फोनवरच्या जुन्या सहकाऱ्याशेजारी दुपारभर बसा. ‘थांबा हं, बघते’ हे ती कसं म्हणते, ते टिपून ठेवा.

सुरुवातीला मोकळं वाक्य सुचत नाही, हात आखडतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अगदीच अडलात तर ग्राहकाची रक्कम आणि ठिकाण तेवढं परत लिहा, भागतं. भावना ओतायला जाऊ नका. ‘आम्ही तुमचं दुःख समजू शकतो’ हे ३४० रुपयांसाठी फार होतं.

प्रत्येक टेम्प्लेटपुढे मंजुरीची तारीख आणि मंजूर करणाऱ्याचं नाव लिहा. नियम बदलला की जुनं टेम्प्लेट त्याच दिवशी शीटमधून काढा. नुसतं लाल करून ठेवलंत, तर रात्रपाळीतला कोणीतरी तेच उचलतो.