फँटसी क्रिकेट: कॅप्टन आणि डिफरन्शियल कसे निवडावेत? छोट्या आणि ग्रँड लीगचं वेगळं गणित

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानंतर भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन स्पर्धा बंद झाल्या आहेत. त्यामुळे इथे जे लिहिलंय ते मोफत स्पर्धांसाठी आणि मित्रमंडळींच्या, ऑफिसच्या बिनपैशाच्या लीगसाठी आहे. पैसे घेऊन खेळवणारी एखादी परदेशी साइट कुणी सुचवली, तर तिकडे फिरकू नका.

आता मुद्द्यावर येऊ. बहुतेक जण कॅप्टन निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारतात: आज सगळ्यात जास्त गुण कोण मिळवेल? छोट्या लीगसाठी हा प्रश्न बरोबर आहे. हजारो-लाखो संघांच्या ग्रँड लीगमध्ये मात्र तो अर्धाच आहे. तिथे पुढे विचारावं लागतं की तो चालला तर माझ्यासोबत आणखी किती जण वर जातील?

बहुतेक ठिकाणी कॅप्टनचे गुण दुप्पट होतात आणि व्हाइस कॅप्टनचे दीडपट. समजा, तुमच्या दहा जणांच्या लीगमध्ये आठ जणांनी विराट कोहलीला कॅप्टन केलंय. तुम्हीही केलंत आणि त्याने शतक ठोकलं, तरी त्या आठ जणांपुढे तुम्ही एका गुणानेही सरकत नाही. उलट तुम्ही त्याला साधा खेळाडू म्हणून ठेवलंत, तर ते शंभर गुण आठ जणांना जास्तीचे मिळतात आणि तुम्ही तिथेच संपता. म्हणून छोट्या लीगमध्ये सर्वांच्या पसंतीचा कॅप्टन घेणं म्हणजे नुकसान टाळणं. फरक उरलेल्या दोन-तीन जागांवर पाडायचा.

ग्रँड लीगमध्ये हेच गणित उलटतं. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. स्पर्धेत एक लाख संघ आहेत. त्यातल्या 40 हजारांनी कोहलीला कॅप्टन केलंय आणि 3 हजारांनी मोहम्मद शमीला. कोहली सर्वोत्तम ठरण्याची शक्यता 25 टक्के, शमीची फक्त 10 टक्के. कोहली चालला तर पहिल्या नंबरसाठी तुम्ही 40 हजारांच्या गर्दीत उभे राहता, म्हणजे तुमची संधी सुमारे 1 लाख 60 हजारांत एक. शमी चालला तर गर्दी 3 हजारांची, संधी सुमारे 30 हजारांत एक. शमी चालण्याची शक्यता निम्म्याहून कमी असूनही पहिलं येण्याची संधी पाचपट झाली. डिफरन्शियल म्हणजे नेमकं हेच: ज्याच्याकडे कमी लोकांनी पाहिलंय, पण ज्याची शक्यता तितकी कमी नाही असा खेळाडू.

तो शोधायचा कसा? मला नेहमी आठवतो तो 15 नोव्हेंबर 2023 चा वानखेडेवरचा विश्वचषक उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड. त्या दिवशी काय काय पाहता आलं असतं ते क्रमाने बघू.

सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाचा इतिहास बघायचा. त्या स्पर्धेत वानखेडेवर आधी चार सामने झाले होते आणि चारही वेळा दुसऱ्यांदा फलंदाजी करणारा संघ दिव्यांखाली नव्या चेंडूपुढे अडखळला होता. इंग्लंड 170 वर, बांगलादेश 233 वर आणि श्रीलंका तर 55 वर गारद झाली होती. ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला खरा, पण 7 बाद 91 वरून, मॅक्सवेलच्या नाबाद 201 धावांमुळे. श्रीलंकेच्या त्या 55 मध्ये शमीचे 5 बळी होते.

मग खेळाडूचा फॉर्म. शमी पहिले चार सामने बाहेर होता. हार्दिक पंड्या जायबंदी झाल्यावर आत आला आणि पाच सामन्यांत त्याने 16 बळी घेतले. पण शेवटच्या सामन्यात, नेदरलँड्सविरुद्ध, त्याला एकही बळी नव्हता. चांगला डिफरन्शियल बहुधा असाच सापडतो. ताज्या अपयशामुळे लोक त्याच्यापासून थोडे सरकतात, पण त्याचं काम बदललेलं नसतं. बुमराह-सिराजनंतरचा पहिला बदली गोलंदाज, चेंडू अजून नवाच, सगळं जिथल्या तिथे. याउलट सातव्या क्रमांकावर येणारा आणि गोलंदाजी न करणारा फलंदाजही कमी लोकांनी घेतलेला असतो, पण तो डिफरन्शियल नव्हे. त्याला चेंडूच मिळणार नसतात.

तिसरी गोष्ट टॉसची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. टॉस सहसा सामन्याआधी अर्धा तास होतो आणि अंतिम अकरा तेव्हाच कळतात. रोहितने टॉस जिंकून फलंदाजी घेतली, म्हणजे भारताची गोलंदाजी दिव्यांखाली होणार हे ठरलं. शमीची किंमत त्या क्षणी वाढली. पण ज्यांनी सकाळीच संघ लावून फोन खिशात टाकला होता, त्यांना ती दिसणार नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कोहली 117, शमी 57 धावांत 7 बळी. बोनस सोडून साधा हिशेब धरू, धावेला 1 गुण आणि बळीला 25. कोहलीचे 117, शमीचे 175. कोहली कॅप्टन आणि शमी साधा असेल तर दोघांचे मिळून 409. शमी कॅप्टन आणि कोहली साधा असेल तर 467. खेळाडू तेच, फक्त टोपी बदलली आणि 58 गुणांचा फरक. तुमच्या स्पर्धेचा गुणतक्ता मात्र आधी वाचा. बळीला किती आणि षटकाराला किती, यावर गोलंदाज कॅप्टन परवडतो की नाही हे ठरतं.

शमीला कॅप्टन करताना उरलेला संघही त्याच कहाणीला धरून हवा. शमी सुरुवातीलाच बळी घेणार असं तुम्ही मानलंत, तर न्यूझीलंडचे सलामीवीर कशाला घ्यायचे? रचिन रवींद्र तोवर तीन शतकं करून बसला होता, त्याला सोडायला हात धजावत नाही. पण कॉन्वे आणि रचिन, दोघेही 13-13 वर शमीलाच बळी पडले. स्वतःच्या कॅप्टनविरुद्ध पैज लावलेला संघ ग्रँड लीगमध्ये मधेच लटकतो. अर्थात कहाणी पूर्ण जुळतेच असं नाही. त्याच सामन्यात डॅरिल मिचेलने 134 केल्या.

डिफरन्शियल किती घ्यायचे, यात खूप जण फसतात. प्रत्येक जण चालण्याची शक्यता चारात एक धरली, तर तिघे एकाच दिवशी चालण्याची 64 मध्ये एक. सहा घेतलेत तर ती 4096 मध्ये एक होते. मी ग्रँड लीगमध्ये कॅप्टन धरून दोन, फार तर तीन घेतो आणि बाकीचे सर्वांचे लाडके ठेवतो. दहा जणांच्या लीगमध्ये एकच, आणि तोही कॅप्टन नाही. टोपीच्या बाबतीत थोडा धोका पत्करायचाच असेल तर व्हाइस कॅप्टन वेगळा ठेवा, तिथे चुकलं तरी कमी दुखतं.

चार दिवसांनी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात शमीला एकच बळी मिळाला, वॉर्नरचा. त्याला कॅप्टन करणाऱ्यांना याच हिशेबाने 50 गुण मिळाले आणि समोर ट्रॅव्हिस हेडने 137 केल्या. तो निर्णय चुकीचा होता का, हे एका सामन्याच्या गुणांवरून कळत नाही. मी वहीत टॉसनंतर दोन ओळी लिहितो: याला का घेतलं आणि किती टक्के लोकांनी घेतलंय. पंधरा-वीस सामन्यांनंतर मागे वळून पाहिलं की अंदाज कुठे सारखा चुकतोय ते दिसतं. माझा बराच काळ फिरकीपटूंच्या बाबतीत चुकत होता, कारण मी खेळपट्टी पाहायचो आणि दव विसरायचो.