एलडी कापण्याचं पत्र: या चुका टाळा

काम उशिरा झालं की एलडी, म्हणजे करारात आधीच ठरवलेली उशिराची भरपाई, कंत्राटदाराच्या बिलातून कापायची, यात कुणाचंच दुमत नसतं. कागदावर करारही चांगला असतो. घोळ होतो तो पत्रात. मागच्या कामाची वर्ड फाइल उघडायची, नाव आणि रक्कम बदलायची आणि पत्र पाठवून द्यायचं. सोसायट्यांच्या दुरुस्तीच्या कामांत असली पत्रं इतकी पाहिली आहेत, की आता पहिल्या ओळीवरूनच कळतं यात कलम दुसऱ्याच करारातलं असणार. एका खासगी सोसायटीच्या पत्रात ‘कलम 2 नुसार’ असं ठणकावून लिहिलं होतं. ते कलम 2 म्हणजे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, सीपीडब्ल्यूडीच्या, अटींमधलं. त्यात दर महिन्याचा, मोजणी दिवसांवर आणि कमाल मर्यादा 10 टक्के. सोसायटीच्या स्वतःच्या करारात कलम 2 म्हणजे व्याख्या!

पण ते हसून सोडता येतं. महागात पडतो तो हिशोब.

ठाण्याकडच्या एका सोसायटीचं उदाहरण घेऊ. बाहेरून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि रंग असं काम, करार रक्कम जीएसटी सोडून 80 लाख. करारातलं कलम 14.2 असं: उशिराच्या ‘प्रत्येक आठवड्यासाठी किंवा त्याच्या भागासाठी’ करार रकमेच्या अर्धा टक्का, एकूण कपात करार रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. काम संपवायची तारीख 31 जानेवारी 2023, प्रत्यक्षात संपलं 22 एप्रिलला.

सेक्रेटरींनी एका संध्याकाळी पत्र तयार केलं. 31 जानेवारी ते 22 एप्रिल म्हणजे 81 दिवस, म्हणजे 12 आठवडे, म्हणजे 6 टक्के. रक्कम घेतली बिलावरची, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 94 लाख 40 हजार. कपात 5,66,400 रुपये. पत्र गेलं आणि फायनल बिलातून तेवढे पैसे कापलेही गेले.

कंत्राटदाराचं उत्तर दीड पानांचं होतं. सोबत जोडलं होतं सोसायटीचंच मुदतवाढीचं पत्र. दोन मजल्यांवरच्या सभासदांनी बाल्कनीच्या ग्रिल काढू दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्या बाजूला परांची लागली नव्हती आणि कमिटीने स्वतः 21 दिवसांची मुदतवाढ दिली होती. म्हणजे नवीन तारीख 21 फेब्रुवारी. शिवाय 5 टक्क्यांची मर्यादा 80 लाखांवर म्हणजे 4 लाख. सोसायटीने स्वतःच मान्य केलेल्या मर्यादेच्या दीड लाखांहून अधिक वर कापलं होतं. असं पत्र लवादापुढे गेलं की बाकीचा खरा दावाही संशयाने पाहिला जातो. इथे प्रकरण तिथवर गेलं नाही, पण पत्र मागे घ्यावं लागलं आणि या भांडणात गच्चीवरची गळती दुरुस्त करायला कंत्राटदाराची माणसं कित्येक आठवडे फिरकली नाहीत.

दुसऱ्या पत्रात मी हिशोब असा मांडायला लावला:

“करारातील कलम 14.2. मूळ मुदत 31/01/2023. सोसायटीच्या पत्रान्वये मुदतवाढ 21 दिवस, सुधारित मुदत 21/02/2023. काम पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख 22/04/2023. उशीर 60 दिवस, म्हणजे 8 आठवडे व 4 दिवस. कलमातील ‘किंवा त्याच्या भागासाठी’ या तरतुदीनुसार 9 आठवडे. कपात: 80,00,000 × 0.5% × 9 = 3,60,000 रुपये. कमाल मर्यादा: 80,00,000 च्या 5% = 4,00,000 रुपये. कपात मर्यादेच्या आत आहे.”

‘किंवा त्याच्या भागासाठी’ हे शब्द कलमात नसते तर आठच आठवडे धरावे लागले असते आणि कपात 3,20,000 झाली असती. चाळीस हजारांचा फरक एवढ्याशा शब्दांत आहे, म्हणून कलम आठवणीवर लिहू नका. मी ते करारातून अवतरणचिन्हांत जसंच्या तसं उतरवतो. लांब झालं तरी चालेल.

मर्यादा तपासायची ती शेवटी, आणि ओळ लिहायचीच, मर्यादा ओलांडली नसली तरी. ‘सरळ पाच टक्के कापा’ म्हणणारे सल्लागार मला अजून भेटतात. पाच टक्के हा दर नव्हे. दर अर्धा टक्का आहे आणि पाच हे त्याचं छत. इथे ते ऐकलं असतं तर चाळीस हजार जास्त कापले गेले असते आणि त्याला उत्तर देता आलं नसतं. रक्कम कशावर, हेही कलमानेच ठरतं. काही करारांत ती मूळ करार रक्कम असते, काहींत जादा कामं धरून अंतिम रक्कम, काहींत फक्त न झालेल्या कामाची किंमत. कलमात स्पष्ट नसेल तर पत्र लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

दुसरी चूक शांतपणे होते आणि पत्र लिहायच्या कितीतरी आधी होते. उशीर झालेलं काम आपण स्वीकारतो आणि काहीच लिहीत नाही. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 55 प्रमाणे, ठरलेल्या वेळेनंतर केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाहीत, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून मुदत संपली त्या आठवड्यातच पत्र जायला हवं: काम चालू ठेवा, पण कलम 14.2 खालचा आमचा हक्क राखून. मुदतवाढ देतानाही हेच. वाढ आपल्या चुकीमुळे असेल तर तेवढ्या दिवसांची एलडी नाही आणि त्यापुढच्या दिवसांचा हक्क राखून ठेवतो, हे त्याच पत्रात लिहा. वरच्या सोसायटीला एका गोष्टीने वाचवलं. चेअरमननी 23 फेब्रुवारीला असं दोन ओळींचं पत्र पाठवून पोच घेतली होती, आणि काम ताब्यात घेतानाच्या पत्रातही ती ओळ पुन्हा टाकली होती. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘लवकर करा हो’ म्हणणं म्हणजे सूचना नव्हे.

तिसरी गोष्ट, नुकसान. त्याच अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची सीमा असते, मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात म्हटलं, की मुळात नुकसान झालेलं असणं आवश्यक आहे. ते मोजणं शक्य असेल तर सिद्ध करावं लागतं, मोजणं अवघड असेल तेव्हाच ठरवलेली रक्कम प्रामाणिक पूर्वअंदाज म्हणून देता येते. म्हणून पत्रात एक वाक्य नुकसानाचं असू द्या. या सोसायटीत पीएमसीची, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागाराची, वाढीव फी आणि जादा वॉचमनचा पगार होता, बिलं फाइलमध्ये होती. ती रक्कम 3,60,000 ला पुरत नव्हती. परांचीने अडलेले घरांचे उजेड आणि वारा यांची किंमत कोण मोजणार? तिथेच पूर्वअंदाजाचा आधार लागतो.

आता बारीक चुका.

एलडीवर जीएसटी लावू नका. 3 ऑगस्ट 2022 चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं, म्हणजे सीबीआयसीचं, परिपत्रक 178 सांगतं, की नुकसान भरून काढण्यापुरती घेतलेली अशी रक्कम म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे. कंत्राटदाराचं बिल पूर्ण रकमेचंच राहतं, एलडी देय रकमेतून वजा होते.

फायनल बिलावर ‘सर्व हिशोब पूर्ण’ अशी सही करून मग एलडी आठवू नये.

काम सुरू असताना इमारतीचा एखादा भाग आधीच ताब्यात घेतला असेल तर त्याप्रमाणे दर कमी करायची अट करारात आहे का, ते बघा.

पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर, पोच देणाऱ्या टपालाने. साइटवरच्या सुपरवायझरच्या हातात दिलेल्या पत्राची आठवण नंतर कुणालाच राहत नाही. आणि सही करणाऱ्याला तो अधिकार ठरावाने दिलेला हवा. पीएमसीने सही केली आणि करारात तो अधिकार फक्त सोसायटीचा असेल, तर कंत्राटदाराचा वकील उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.