उत्तर ८ मिनिटं, पण थांबलो होतो १२

एमएससीच्या पहिल्या वर्षी ट्युटोरियलला आलेलं एक गणित मला अजून पाठ आहे. बस दर θ मिनिटांनी येते आणि आपण स्टॉपवर कधीही पोचतो, म्हणून थांबण्याचा वेळ ० ते θ मध्ये युनिफॉर्म. पाच दिवसांचे आकडे होते २, ३, १, १२, २. θ काढायचा.

मी मेथड ऑफ मोमेंट्स लावली. युनिफॉर्मचा मीन θ/2, सँपलचा मीन x̄ = ४, म्हणून θ = ८. वही पुढे केली तर सर म्हणाले, "अरे, बस आठ मिनिटांनी येते, मग चौथ्या दिवशी बारा मिनिटं कसा थांबलास?" या पद्धतीचा मर्म मला तिथे कळला. ती फक्त सरासरी जुळवते. आपलं उत्तर हातातल्या आकड्यांना अशक्य ठरवतंय का, हे ती बघतच नाही. म्हणून 2x̄ काढलंत की ते सँपलमधल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ताडून बघा.

मग एमएलई, म्हणजे ज्या θ ला लाइकलीहूड सर्वांत जास्त येतं तो θ, काढताना दुसरी चूक झाली. सवयीने लॉग घेतला, डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं, आणि −n/θ = 0 वर अडकलो. इथे डेरिव्हेटिव्ह कामाचंच नाही. लाइकलीहूड 1/θⁿ आहे, पण θ सर्वांत मोठ्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तरच. नाहीतर ते सरळ शून्य. θ वाढेल तसं ते घटत जातं, म्हणून θ जितका लहान चालेल तितका घ्यायचा. उत्तर १२. परीक्षेत ही अट लिहायला विसरू नका, सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

एमएलई खऱ्या θ च्या वर कधीच जात नाही, त्यामुळे सरासरीने कमी पडतो. (n+1)/n ने गुणलं की बायस जातो, इथे १४.४ मिनिटं. आता व्हेरियन्स बघा. 2x̄ चा θ²/(3n), या सुधारलेल्या उत्तराचा θ²/(n(n+2)). पाच आकड्यांना θ²/15 विरुद्ध θ²/35. शंभर आकड्यांना फरक चौतीस पट होतो. मात्र हे उत्तर एकाच आकड्यावर टेकलेलं असतं. १२ च्या जागी चुकून २१ लिहिलं गेलं तर एमएलई थेट २१ होतो.

गॅमा डिस्ट्रिब्युशनमध्ये चित्र वेगळं. तिथे मोमेंट्सचं उत्तर चुटकीसरशी निघतं: मीन १० आणि व्हेरियन्स २० असेल तर शेप 10²/20 = 5, स्केल 20/10 = 2. एमएलईला मात्र शेपसाठी ln k − ψ(k) = ln x̄ − (ln x ची सरासरी) हे समीकरण सोडवावं लागतं, आणि त्याला हाताने सुटणारं सूत्र नाही. ψ म्हणजे डायगॅमा फंक्शन. मी मोमेंट्सचा ५ हाच न्यूटन-रॅफसनला सुरुवातीचा आकडा देतो. सहसा मोजक्या फेऱ्यांत काम होतं. शेवटी शेप आणि स्केलचा गुणाकार करून बघतो. एमएलईमध्येही तो x̄ इतकाच यायला हवा. इथे १० आला नाही, तर कोडमध्ये कुठेतरी चूक आहे.