कोळशाचा ढीग मोजताय? या चुका टाळा

दर मार्चअखेरीला कुठल्या ना कुठल्या यार्डात मी ढिगापुढे उभा असतो, आणि दर वर्षी नवी मुलं त्याच चुका करतात. कोळसा काही नगावर मोजता येत नाही आणि अख्खा ढीग काट्यावर नेणं परवडत नाही. म्हणून आधी घनफळ काढायचं आणि त्याला घनतेने गुणायचं. गुणाकार सगळ्यांना येतो. घोळ होतो तो घनतेत.

एका कारखान्यात ३१ मार्चला बॉयलरच्या कोळशाचा साठा तपासायचा होता. ढीग वरून सपाट केलेला, पाया ४० मीटर बाय २०, माथा ३० बाय १० आणि उंची ४ मीटर. सोबतच्या पोराने घनफळ नीट काढलं. पायाचं क्षेत्रफळ ८००, माथ्याचं ३०० आणि मधल्या उंचीवरचं, म्हणजे ३५ बाय १५ चं, ५२५. मधलं चारदा धरून तिन्हींची बेरीज ३२००. तिला उंचीने गुणून ६ ने भागलं की २१३३ घनमीटर. इथवर शाबास. मग गड्याने मोबाइल काढला, कोळशाची घनता १.३५ अशी शोधली आणि २८८० टन लिहून मोकळा झाला. वहीत होते १७९०. हजारावर टन जास्त! स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, एवढा कोळसा असता तर मी गेल्या महिन्यात ट्रक कशाला मागवले असते?"

१.३५ ही कोळशाच्या अखंड खड्याची घनता. ढिगात खड्यांच्या मधे हवा असते आणि ती काही थोडीथोडकी नसते. आपल्याला हवी ती ढिगाची घनता, पोकळीसकट. ती पुस्तकातून घ्यायची नसते, त्याच ढिगातून काढायची असते. माझ्या गाडीत ५० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा पत्र्याचा खोका कायम असतो, म्हणजे बरोबर १२५ लिटर. ढिगाच्या तीन जागांवरून फावड्याने भरायचा, वर पट्टी फिरवायची आणि वजन करायचं. ठोकायचा नाही, हलवायचा नाही. "जरा दाबून भरू, साहेब" म्हणणारा एक तरी भेटतोच. त्या दिवशी १०४, १०७ आणि १०८ किलो भरले. सरासरी घनमीटरला ८५० किलो, म्हणजे १८१३ टन. वहीपेक्षा २३ टन जास्त, सव्वा टक्का. ढिगाच्या मोजणीत एवढा फरक मी निमूट मान्य करतो. उलट आकडा टनापर्यंत तंतोतंत जुळला की मला आधी संशय येतो, मोजलं की वहीतूनच उतरवलं?

पण हा खोका सगळीकडे चालत नाही. ढिगावर लोडर चढवून कोळसा दाबला असेल तर खोक्यात भरलेला सुटा कोळसा त्या थराचा प्रतिनिधी नव्हे, तुमचा आकडा कमी येणार. तिथे मी फूटभर खोल खड्डा खणतो आणि निघालेला कोळसा सगळाच्या सगळा तोलतो. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून मोजलेल्या बादलीने काठापर्यंत पाणी भरतो. ९२ लिटर पाणी मावलं आणि ९० किलो कोळसा निघाला, तर घनता ०.९८. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी यार्डात येऊच नये.

शंकूसारख्या ढिगात उंची चुकते. टेप उतारावरून टाकून आलेला आकडा उंची म्हणून लिहितात. घेर ४४ मीटर असेल तर त्रिज्या ७. उतार ८.८ मीटर भरला, तर खरी उंची ५.३ च्या आसपास. उतार तसाच धरला की सुमारे २७३ घनमीटरचे ४५१ होतात. उताराच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा, शाळेतलंच आहे.

ढिगाखालची जमीन खोलगट असेल तर कडेच्या पातळीवरून घेतलेल्या मापात खालचा कोळसा येत नाही. जुन्या यार्डात एखाद्या ठिकाणी तळापर्यंत खणून बघाच.

वाळूचं वेगळं. ती ब्रासने विकतात, म्हणजे १०० घनफूट, आणि इथे ओलावा फसवतो. पाचेक टक्के ओली वाळू कोरडीपेक्षा पाव हिश्श्याने फुगू शकते. सरळ उभ्या भिंतीच्या डब्यात ३० सेंटीमीटर ओली वाळू घ्या, पाण्यात पूर्ण बुडवून ढवळा आणि बसू द्या. २४ वर आली तर तुम्ही ४ ब्रास वाळूचे ५ ब्रासचे पैसे देताय.

भंगाराला एक घनता लावणाऱ्याला मी हातच जोडतो. लेथचा चुरा, पत्र्याच्या कातरणी आणि जाड तुकडे वेगळे करून घ्या. वेगळे होत नसतील तर ढीग मोजू नका, ट्रक भरा आणि काट्यावर न्या.